‘भरलंय’ याच्या पुढची ओळ

‘ताई, 24 ते 27 सप्टेंबर तिघांसाठी खोली मिळेल का? लालबागच्या राजाचं दर्शन घ्यायचंय आणि विसर्जनपण बघायचंय. आई बरोबर आहे.’

समजा, 20 जुलै 2026 ला दुपारी कोल्हापूरहून असा मेसेज आला. ज्या ताईंना आला त्यांचं घर दादर पूर्वेला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. घरातच होमस्टे, पाहुण्यांसाठी दोन खोल्या : बाहेरची तिघांची, आतली दोघांची. यंदा गणेश चतुर्थी सोमवारी 14 सप्टेंबरला आहे आणि अनंत चतुर्दशी शुक्रवारी 25 ला. म्हणजे मागितलेल्या तारखा ऐन विसर्जनाच्या, आणि दोन्ही खोल्या तेव्हा गेलेल्या.

अशा मेसेजला मुंबईत दोन उत्तरं सर्रास जातात. एक म्हणजे ‘सॉरी, फुल आहे’. दुसरं म्हणजे ‘बघते, कळवते’. मला दुसरं जास्त वाईट वाटतं. पहिल्या उत्तराने माणूस निदान दुसरीकडे चौकशीला लागतो. ‘कळवते’ हा आपल्याकडे अर्धा होकार समजला जातो. पाहुणा चार दिवस थांबतो, मग संकोचाने पुन्हा विचारतो, आणि तोपर्यंत आजूबाजूची घरंही भरलेली असतात. भिजत घोंगडं यजमानाचं असतं, पण गारठा पाहुण्याला लागतो.

तिसरं उत्तर लिहायला वीस मिनिटं लागतात. त्यात तीन गोष्टी असतात : स्पष्ट नकार, कामाला येतील अशा जवळच्या तारखा, आणि कधी संपणार हे ठरलेली वेटिंग लिस्ट. लिहिण्याआधी थोडा अभ्यास मात्र लागतो.

आधी मेसेज नीट वाचायचा. ‘24 ते 27’ म्हणजे किती रात्री? बोलताना आपण दिवस मोजतो, खोली मात्र रात्रीवर जाते. 24 ला येऊन 27 ला निघणार असतील तर रात्री तीन : 24, 25 आणि 26. पण ‘27 पर्यंत राहणार’ असं म्हणणाऱ्याच्या मनात 27 ची रात्रही असू शकते. शिवाय कोल्हापूरचा माणूस बहुतेक वेळा रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने येतो. ती सकाळी दादरला पोचते. म्हणजे ‘24 ला येतो’ याचा अर्थ 24 च्या सकाळी आंघोळीला जागा हवी, आणि त्याच सकाळी आधीचे पाहुणे अजून खोलीत असतात. हा गोंधळ टाळायचा सोपा मार्ग म्हणजे उत्तरात दरवेळी रात्रींची नावं घ्यायची : ‘24, 25 आणि 26 या तीन रात्री’. पाहुण्याच्या मनात वेगळं असेल तर तो तिथेच सांगतो.

वहीतही तसंच लिहावं. बऱ्याच घरांत भिंतीवरच्या कालनिर्णयवरच खुणा असतात, आणि ते चांगलंच आहे, कारण तिथी समोर दिसते. फक्त तारखेच्या चौकोनात नाव लिहिण्याऐवजी एका चौकोनाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत रेघ ओढावी. रेघ जिथे संपते त्या चौकोनाचा उरलेला अर्धा भाग नव्या पाहुण्यासाठी मोकळा असतो, हे एका नजरेत कळतं. चौकोनात नावं लिहिली की निघायचा दिवसही भरलेला दिसतो आणि हातची रात्र फुकट जाते.

आता या ताईंच्या कॅलेंडरवर रेघा अशा आहेत. बाहेरच्या खोलीत 19 आणि 20 च्या रात्री एक कुटुंब, ते 21 ला सकाळी निघणार. मग 21 आणि 22 च्या रात्री मोकळ्या. 23, 24 आणि 25 ला दुसरं कुटुंब, ते 26 ला निघणार. 26 ची रात्र मोकळी. त्याआधी 15, 16 आणि 17 याही रात्री मोकळ्या आहेत. आतल्या खोलीत 24 ते 27 एक जोडपं.

नुसत्या कॅलेंडरवरून उत्तर द्यायचं तर सगळ्यात ‘जवळची’ तारीख 26 ची ठरते. मागितलेल्या तीन रात्रींपैकी ती एकच मोकळी आहे. पण 26 ला संध्याकाळी लालबागचा मंडप रिकामा असेल आणि मंडळाचे कार्यकर्ते झोपलेले असतील. चतुर्दशी झाली की पितृपक्ष लागतो, मागणी एकदम ओसरते, आणि यजमानाला त्या रात्री भराव्याशा वाटणं साहजिक आहे. पण ज्याला राजा बघायचाय त्याला 27 ते 30 द्यायला काढणं म्हणजे त्याचा मेसेज वाचलाच नाही असं सांगणं.

जवळची तारीख पाहुण्याच्या कामावरून ठरते. म्हणून इथे कामाचा विचार करू. मेसेजमध्ये कामं दोन आहेत, दर्शन आणि विसर्जन, आणि सोबत आई आहेत. दादर-परळमध्ये राहणाऱ्याला जे माहीत असतं आणि कोल्हापूरच्या माणसाला बहुधा नसतं, ते असं की ही दोन कामं एका फेरीत नीट होत नाहीत. लालबागला नवसाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी. नवसाच्या रांगेत कित्येक तास जातात, मुखदर्शनाची रांग त्या मानाने लवकर सरकते. आणि अनंत चतुर्दशी जवळ आली की मिरवणुकीच्या तयारीसाठी रांगा एकेक करून बंद व्हायला लागतात. नक्की वेळ मंडळ त्या त्या वर्षी जाहीर करतं. 24 ला सकाळी दादरला उतरून, आंघोळ-नाश्ता करून, वयस्कर आईंना घेऊन लालबागला पोचेपर्यंत दुपार होणार. तेव्हा रांगेत घेतील की नाही याचा भरवसा नाही. म्हणजे मागितलेल्या तारखा मिळाल्या असत्या तरी दर्शन हुकण्याची शक्यता होती. हे यजमानाने सांगितलं नाही तर दुसरं कोण सांगणार?

विसर्जनाचंही तसंच. राजाची मिरवणूक लालबागहून निघून गिरगाव चौपाटीवर पोचायला रात्र सरते, विसर्जन दुसऱ्या दिवशी होतं. 2025 साली चतुर्दशी 6 सप्टेंबरला होती आणि भरतीमुळे राजाचं विसर्जन 7 तारखेच्या रात्रीपर्यंत लांबलं. मिरवणूक बघून आलेल्या पाहुण्याला सकाळी दहाला खोली सोडायला सांगणं फार जिवावर येतं, म्हणून चतुर्दशीची रात्र देताना दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतची सवड हिशेबात धरावी लागते. आईंसाठी ही रात्र झेपणारी आहे का, हा प्रश्न कुटुंबाने ठरवायचा. यजमानाने माहिती द्यावी, सल्ला लादू नये.

तर दर्शनासाठी जवळच्या तारखा कुठल्या? शनिवार-रविवार टाळून, चतुर्दशीच्या आधी. बाहेरच्या खोलीत अशा दोन जागा आहेत : 15 ते 18 आणि 21 ते 23. पहिली लांब आहे, तीन रात्रींची, आणि यजमानाला तीच द्यावीशी वाटेल. पण इथे एक गोष्ट आडवी येते जी कुठल्याही बुकिंग साइटला कळणार नाही. 15 ला सकाळी दादरला पोचायचं तर 14 ला रात्री कोल्हापूर सोडायला हवं, आणि 14 ला चतुर्थी. कोल्हापूरच्या घरात गणपती बसला असेल तर त्या रात्री घर कोण सोडणार? गौरी-गणपती एकत्र जाणारं घर असेल तर 15 ते 18 निकालातच निघतं. म्हणून 21 ते 23 आधी द्यायची आणि दुसरी तारीख ‘घरचा गणपती असेल तर जमणार नाही हे कळतं’ अशा सुरात, मागून. पुण्याच्या, नाशिकच्या, कोकणातल्या पाहुण्यालाही हा एक प्रश्न विचारल्याशिवाय गणपतीतली पर्यायी तारीख सुचवू नये असं माझं ठाम मत आहे.

दोनच पर्याय द्यावेत. पाच पर्याय दिले की पाहुणा घरच्या ग्रुपवर टाकतो आणि तिथे चर्चा सुरू होते. तोपर्यंत त्यातले दोन गेलेले असतात, आणि ‘तुम्हीच तर म्हणाला होतात’ हे ऐकावं लागतं.

आणखी एक गोष्ट उत्तराच्या वेळेशी बांधलेली आहे. रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या दिवसाच्या 60 दिवस आधी सकाळी 8 ला सुटतं, 1 नोव्हेंबर 2024 पासून हा नियम आहे. 21 ला सकाळी पोचायचं तर 20 सप्टेंबरच्या रात्रीची गाडी, आणि तिचं आरक्षण 22 जुलैला सुटणार. मेसेज आलाय 20 जुलैला. गणपतीत मुंबईकडच्या गाड्या किती वेळात भरतात हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. म्हणजे उत्तर आजच जायला हवं, आणि पाहुण्याचा निर्णय उद्या रात्रीपर्यंत यायला हवा. ‘दोन दिवसांत सांगा’ असं मोघम लिहिलं तर गाडी हुकते आणि मग मिळालेली खोलीही उपयोगाची राहत नाही.

एवढं झाल्यावर उत्तर असं लिहिता येतं :

‘नमस्कार दादा. 24, 25 आणि 26 सप्टेंबर या तीन रात्रींसाठी तिघांना पुरेल अशी खोली आमच्याकडे शिल्लक नाही.

सोमवार 21 ला येऊन बुधवार 23 ला सकाळी 10 ला निघायचं असेल तर बाहेरची खोली दोन रात्री मोकळी आहे. दर नेहमीचाच, एका रात्रीचे 3,500 रुपये, तिघांचा नाश्ता धरून. 21 ला सकाळी आधीचे पाहुणे असतील, त्यामुळे खोली 12 ला मिळेल. तोपर्यंत सामान ठेवता येईल, आंघोळ आणि चहा-नाश्ता आमच्याकडे होईल. या दोन दिवसांत आईंना मुखदर्शनाच्या रांगेतून दर्शन घेता येईल. 24 ला दुपारी पोचलात तर रांगा बंद होत आलेल्या असू शकतात, म्हणून दर्शनासाठी आधीचे दिवस बरे. विसर्जन मिरवणूक मात्र यात बसणार नाही.

तुमच्या घरी गणपती नसेल तर 15, 16 आणि 17 या तीन रात्रीही मोकळ्या आहेत. 18 ला संध्याकाळी पाच दिवसांच्या गणपतींचं विसर्जन दादर चौपाटीवर बघून रात्रीच्या महालक्ष्मीने निघता येईल. तोवर सामान आमच्याकडे ठेवा.

21 ते 23 ची खोली उद्या, मंगळवारी रात्री 9 पर्यंत फक्त तुमच्यासाठी ठेवते आहे. परवा सकाळी 8 ला 20 तारखेच्या गाडीचं आरक्षण सुटतं.

विसर्जनाच्या तारखाच हव्या असतील तर वेटिंगमध्ये नाव घेते. सध्या तुमचं पहिलं राहील. त्यासाठी पैसे नकोत. 8 सप्टेंबरला रात्री 9 पर्यंत मी हो किंवा नाही नक्की कळवेन. तोपर्यंत दुसरीकडे मिळालं तर जरूर घ्या, मला फक्त एक ओळ कळवा.’

मेसेज लांब आहे हे खरं. पण यातली प्रत्येक ओळ एक पुढचा प्रश्न वाचवते. नकार पहिल्या वाक्यात आहे, कारण तो खाली दडवला की पाहुणा आशेने वाचत जातो आणि मग हिरमुसतो. दर लिहिला आहे, कारण ‘गणपतीत रेट वाढला असेल’ ही शंका न विचारताच मनात असते. काय बसत नाही तेही लिहिलं आहे. ‘विसर्जन मिरवणूक यात बसणार नाही’ ही ओळ गाळली तर खोली कदाचित लवकर जाईल, पण 23 ला सकाळी सामान बांधताना पाहुण्याला कळेल की मुख्य गोष्ट राहिलीच.

‘फक्त तुमच्यासाठी ठेवते आहे’ हे लिहिलं तर ते पाळायला हवं. नेहमीची चूक अशी : एकच मोकळी जागा एका दुपारी तिघांना सुचवली जाते, कारण तिघांतला एखादाच घेईल असा अंदाज असतो. गणपतीत तो अंदाज हमखास चुकतो आणि दोघांचा होकार दहा मिनिटांच्या अंतराने येतो. म्हणून सुचवलेली जागा पेन्सिलने रेघ ओढून, शेजारी ‘मंगळ, रात्री 9’ असं लिहून अडवायची. दोन-तीन बुकिंग साइटवर घर असेल तर तिथेही त्या रात्री लगेच स्वतःच्या हाताने बंद करायच्या. साइटची कॅलेंडरं एकमेकांना जोडलेली असली तरी एकीकडचा बदल दुसरीकडे लगेच दिसतोच असं नाही, मध्ये काही तास जाऊ शकतात. त्या काही तासांत अनोळखी माणसाचं पक्कं बुकिंग येतं आणि शब्द दिलेल्या पाहुण्यासमोर तोंडघशी पडायची वेळ येते.

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये तयार उत्तरं साठवता येतात, `/full` असं काही टाइप केलं की मजकूर समोर येतो. सोय चांगली आहे, पण त्यात फक्त न बदलणारा भाग ठेवावा : वेटिंगचा नियम, खोली मिळायची-सोडायची वेळ, नाश्त्याचं. तारखा आणि पाहुण्याच्या कामाबद्दलच्या ओळी दरवेळी हातानेच लिहाव्यात. साठवलेल्या मजकुरात मागच्या महिन्याची तारीख तशीच राहून गेली तर पाहुण्याला ती बरोबर दिसते, आणि पुढच्या सगळ्या ओळींवरचा विश्वास उडतो.

आता वेटिंग लिस्ट. हा शब्दच आपल्याकडे रेल्वेचा. ‘तुमचं नाव पहिलं’ म्हटलं की कोल्हापूरच्या दादांच्या डोक्यात ‘वेटिंग वन, म्हणजे होणारच’ असं येतं. पण गाडीत शेकडो बर्थ असतात आणि रोज कोणी ना कोणी रद्द करतं. इथे खोल्या दोन. कोणीच रद्द केलं नाही तर पहिला नंबरही तसाच राहतो. शिवाय इथे नुसता नंबर पुरत नाही, सुटलेली जागा त्या माणसाला बसायला हवी. समजा आतली खोली सुटली. ती दोघांची, दहा बाय दहाची. तिसरी गादी घातली तर दार पूर्ण उघडत नाही आणि रात्री आईंना उठायचं झालं तर गादीवर पाय देऊन जावं लागेल. अशा वेळी पहिल्या नंबरच्या तिघांना ओलांडून दुसऱ्या नंबरच्या जोडप्याला ती द्यायची. यात अन्याय काही नाही, पण तो नियम आधी सांगितलेला असला पाहिजे. नाही तर पहिल्या पाहुण्याला वाटणार की मागून येऊन कोणीतरी वशिला लावला.

म्हणून नाव घेताना चार गोष्टी विचारून लिहायच्या : माणसं किती, कुठल्या रात्री, त्यातल्या कमी मिळाल्या तर चालतील का, आणि कुठल्या दिवसापर्यंत थांबू शकता. तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत आणि सगळ्यात उपयोगी तोच. ‘25 ची एकच रात्र मिळाली तरी येऊ’ म्हणणारा पाहुणा आणि ‘तिन्ही मिळाल्या तरच’ म्हणणारा, यांची रांग एक असली तरी संधी वेगवेगळी आहे.

एका खोलीमागे तीनच नावं घ्यावीत. चौथ्याला ‘आधी तिघं आहेत, तुमची पाळी येणं कठीण आहे’ असं सरळ सांगावं. नाव लिहून घेतल्याने माणूस खूश होतो, पण ती खुशी उधारीची असते, आणि वसुलीच्या दिवशी यजमानाकडे द्यायला काही नसतं.

वेटिंगसाठी पैसे घेऊ नयेत. कितीही थोडे असले तरी घेऊ नयेत. ‘तुम्ही 500 रुपये पाठवून ठेवा’ म्हटलं की दोघांच्या मनात त्याचा अर्थ वेगळा होतो. यजमानाला ती माणूस गंभीर असल्याची खूण वाटते, पाहुण्याला तो बयाणा वाटतो. परत करताना मग नुसते पैसे परत जात नाहीत, शब्द मागे घेतल्यासारखं होतं.

आणि लिस्टला शेवटचा दिवस हवा. या ताईंच्या उत्तरात 8 सप्टेंबर आला तो मनाने ठरवलेला नाही. त्यांचा नियम असा की यायच्या दिवसाच्या 15 दिवस आधीपर्यंत रद्द केलं तर आगाऊ रक्कम पूर्ण परत, त्यानंतर निम्मी. बाहेरच्या खोलीतलं कुटुंब 23 ला येणार, म्हणजे त्यांचा तो दिवस 8 सप्टेंबर. ज्यांचं डळमळीत असतं ते पैसे कापले जाण्याच्या आदल्या संध्याकाळीच रद्द करतात, हे कुठलाही जुना यजमान सांगेल. त्या दिवशी ताईंनी त्या कुटुंबाला स्वतः एक ओळ पाठवायची : ‘तुमचं 23 ते 26 पक्कं आहे ना? आज रात्रीपर्यंत बदल सांगितलात तर पूर्ण पैसे परत.’ काहींना हे अंगाशी येणारं वाटतं, आपणहून रद्द करायची आठवण कशाला द्या म्हणून. पण रद्द व्हायचंच असेल तर ते 8 ला झालेलं बरं की 22 ला? 8 ला सुटलेली खोली वेटिंगमधल्या माणसाला कामाची असते. 22 ला सुटलेली कोणालाच नसते, कारण कोल्हापुरात बसलेल्या माणसाकडे यायचं तिकीट नसतं.

आता समजा दादांनी मंगळवारी 21 ते 23 ची खोली घेतली, निम्मे पैसे यूपीआयने पाठवले, आणि विसर्जनासाठीचं नावही राहू द्या म्हणाले. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागले नाहीत, हे शहाणपणाचं झालं. पण वहीत त्यांची नोंद आता बदलायला हवी, आणि इथे चूक होते. काही जण नाव खोडून टाकतात, ‘यांना तर मिळाली’ म्हणून. काही जण जुनी मागणी तशीच ठेवतात. दोन्ही बरोबर नाही. ही खोली तीच आहे. 23 ते 26 चं कुटुंब गळालं तर दादांना नव्याने यायचं नाही, फक्त मुक्काम वाढवायचा आहे : 21 ते 26, पाच रात्री सलग. जुन्या मागणीप्रमाणे 24 पासून दिली असती तर 23 ची एकटी रात्र लोंबकळत राहिली असती आणि पाहुण्यांना एका रात्रीसाठी सामान उचलावं लागलं असतं. म्हणून त्यांच्या नावापुढे लिहायचं : ‘23 पासून वाढवणार का, परतीचं तिकीट 23 चं आहे, ते बदलावं लागेल.’

8 तारखेला खरंच रद्द झालं तर क्रम असा ठेवावा. पहिल्या नावाला आधी फोन, मेसेज नंतर. फोनवर होकार आला तरी तारखा आणि रक्कम लिहून पाठवायची आणि वेळ द्यायची, पंधरा दिवस हातात असताना बारा तास पुरेत. त्या बारा तासांत दुसऱ्या नावाला काहीही कळवायचं नाही, ‘बहुतेक मिळेल’ असंही नाही. वेळ संपली, उत्तर आलं नाही, तर पहिल्याला ‘वेळ संपली म्हणून पुढच्यांना विचारते आहे’ अशी एक ओळ, आणि मगच दुसरा फोन. सगळ्यांना एकदम मेसेज टाकून ‘जो आधी सांगेल त्याला’ हा प्रकार सोपा आहे, पण मग लिस्ट होती कशासाठी? आणि दर तोच ठेवायचा जो जुलैमध्ये सांगितला होता. थांबलेल्या माणसाकडून जास्त घेणं मला पटत नाही. थांबण्यातला धोका त्याने आधीच पत्करलेला असतो.

हे सगळं तारीख पुढे-मागे सरकू शकते तेव्हाचं. परळला टाटा हॉस्पिटलमध्ये तपासणीची तारीख मिळालेला माणूस, किंवा बीकेसीत व्हिसाच्या मुलाखतीला येणारा, यांना पर्यायी तारखा सुचवू नयेत. त्यांची तारीख त्यांच्या हातात नसते. तिथे वेटिंगही निरर्थक आहे. दोन ओळींत नकार आणि त्याच मेसेजमध्ये दुसरा पत्ता, एवढंच करावं. रुग्ण असेल तर दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेचं नाव सांगावं, कॅन्सरच्या रुग्णांची आणि नातेवाइकांची तिथे सोय होते. जवळपासच्या दुसऱ्या होमस्टेचा नंबर द्यायचा असेल तर आधी त्यांना फोन करून खोली आहे का विचारून मगच द्यावा. आजारी माणसाला तीन दारं ठोठवायला लावू नये.

राहिला नकाराचा दिवस. 8 सप्टेंबरच्या रात्री बाहेरच्या खोलीतलं कुटुंब म्हणालं, ‘आमचं पक्कं आहे.’ तर नऊच्या आत तिन्ही नावांना मेसेज जायला हवा. मिळालं नाही तर कळवायचं काय, असा विचार करून इथेच बहुतेक यजमान गप्प बसतात. पण दादा फोन हातात घेऊन नऊ वाजायची वाट बघत असतात, परतीचं तिकीट रद्द करायचं की ठेवायचं हे त्यांना त्या रात्री ठरवायचं असतं. त्यांना एवढंच पुरतं :

‘दादा, 23 ते 26 ची खोली सुटली नाही, आता सुटण्याची शक्यताही धरू नका. वेटिंगमधलं नाव काढते आहे. तुमचं 21 ते 23 पक्कं आहे. 23 चं परतीचं तिकीट ठेवा. त्या दिवशी रात्री निघेपर्यंत सामान इथे राहू द्या. आईंना जिना चढायला वेळ लागत असेल तर 21 ला दादरला उतरल्यावर फोन करा, खाली माणूस पाठवते.’